२ किग्रॅ ७५ ग्रॅ म्हणजे २.७५ किग्रॅ का नव्हे?

प्रश्न: आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, मुलगी पाचवीत आहे. एककांच्या रूपांतराच्या वर्कशीटमध्ये तिचे दशांश चिन्ह कधी बरोबर पडते, कधी चुकते. "मोठ्या एककाकडून लहान एककाकडे जाताना चिन्ह उजवीकडे, उलट जाताना डावीकडे" हा नियम तिला पाठ आहे, तरीही असे होते. कालची तिची उत्तरे अशी होती: ३ मी ४५ सेमी = ३.४५ मी; २ किग्रॅ ७५ ग्रॅ = २.७५ किग्रॅ; ४ ली ३५० मिली = ४.३५० ली; ५ ली ८ मिली = ५.०८ ली, ०.६ किग्रॅ = ६० ग्रॅ; ७ सेमी ४ मिमी = ७.०४ सेमी. हा निष्काळजीपणा आहे की समजण्यात काही राहिले आहे?

उत्तर:

हा निष्काळजीपणा नाही. निष्काळजीपणाने झालेल्या चुका वेगवेगळ्या तऱ्हेच्या असतात, आणि येथे चारही चुकलेल्या उत्तरांना एकच नियम लागू पडतो: आपली मुलगी प्रत्येक एकक रुपये-पैशांसारखे वागवते आहे. २ रुपये ७५ पैसे म्हणजे २.७५ रुपये, ५ रुपये ८ पैसे म्हणजे ५.०८ रुपये, ०.६ रुपया म्हणजे ६० पैसे आणि ७ रुपये ४ पैसे म्हणजे ७.०४ रुपये. या चारही ओळी पैशांत अगदी बरोबर आहेत. म्हणजे शंभरपट संबंधाचे दशांश लेखन तिला पक्के येते, फक्त तो संबंध सगळीकडे शंभरचाच असतो असे तिने मनाशी धरले आहे. मीटर-सेंटिमीटरचा संबंध खरोखरच शंभरचा असल्यामुळे पहिले उत्तर आपोआप बरोबर आले, आणि तिसऱ्यात ३५० हे तीनही अंक समोर दिसत असल्यामुळे चुकायला वावच नव्हता. ही दोन उत्तरे बरोबर आली म्हणून तेवढा भाग समजला आहे असे कृपया धरू नये.

दिशेचा नियमही येथे उपयोगी पडणार नाही, कारण तिची दिशा एकदाही चुकलेली नाही. ०.६ किलोग्रॅमचे ग्रॅम करताना तिने चिन्ह उजवीकडेच नेले आहे, ते तीन घरे जायला हवे होते आणि दोनच गेले. पालक आणि शिक्षक अशा वेळी दिशेचा नियम पुन्हा पुन्हा म्हणून घेतात आणि मूल गोंधळते, कारण जे त्याला येते तेच त्याला परत शिकवले जात असते.

नेरूळमध्ये चौथी-पाचवीच्या मुलांना गणित शिकवताना मी पहिल्याच दिवशी एक प्रश्न देते, "५ ली ८ मिली म्हणजे किती लीटर?" ५.८ लिहिणारे मूल दोन संख्यांच्या मध्ये नुसता ठिपका देत असते आणि त्याला दशांश स्थळांची किंमतच कळलेली नसते. ५.०८ लिहिणारे मूल आपल्या मुलीसारखे, म्हणजे स्थानिक किंमत जाणणारे, पण एककांमधला संबंध न पाहणारे असते. ५.००८ लिहिणाऱ्याला दोन्ही कळते. पहिल्या मुलाला दशांश अपूर्णांक मुळापासून शिकवावे लागतात. दुसऱ्याचे काम पुष्कळ सोपे आहे, आणि आपण तेथे आहात.

यावर माझा भरवसा आहे तो घरांच्या कोष्टकावर. पाठ्यपुस्तकात हेक्टोग्रॅम, डेकाग्रॅम, डेसिलिटर, सेंटिलिटर ही नावे येतात आणि बाजारात ती कोणी उच्चारत नाही, म्हणून बहुतेक जण ती पाठांतरापुरती ठेवून सोडून देतात. खरे तर हीच नावे किलोग्रॅम आणि ग्रॅम यांच्या मधली रिकामी घरे दाखवतात, आणि मुलीच्या उत्तरातून जे शून्य हरवते आहे ते याच घरांत राहते. एका किलोग्रॅमचा दशांश म्हणजे १ हेक्टोग्रॅम, अर्थात १०० ग्रॅम; शतांश म्हणजे १ डेकाग्रॅम, अर्थात १० ग्रॅम; आणि सहस्रांश म्हणजे १ ग्रॅम. वहीत चार घरे आखून २ किग्रॅ ७५ ग्रॅ त्यात तिलाच भरू द्यावे:

| किग्रॅ | हेक्टोग्रॅ | डेकाग्रॅ | ग्रॅ |
|---|---|---|---|
| २ | ० | ७ | ५ |

भरताना तिला असे विचारावे: "७५ ग्रॅममध्ये शंभर-शंभर ग्रॅमचे गट किती?" एकही नाही, म्हणून हेक्टोग्रॅमच्या घरात शून्य. "दहा-दहाचे किती?" सात. "सुटे किती?" पाच. आता घरांत २, ०, ७, ५ हे अंक बसले आहेत आणि यापुढे ते हलणार नाहीत. ज्या एककात उत्तर हवे त्या एककाच्या घरानंतर दशांश चिन्ह द्यायचे, एवढेच काम उरते. किलोग्रॅमच्या घरानंतर दिले की २.०७५ किलोग्रॅम होतात, आणि ग्रॅमच्या घरानंतर, म्हणजे शेवटी, दिले की २०७५ ग्रॅम होतात. वजन तेच आणि अंकही तेच राहतात, फक्त कोणत्या घराला आपण "एकक स्थान" म्हणतो ते बदलते.

मी मुलांना "चिन्ह सरकवा" असे म्हणणे टाळते त्याचे कारण हेच आहे. सरकवायचे म्हटले की मुले उड्या मोजू लागतात, आणि उड्या मोजताना सुरुवातीचे घरही मोजतात. मग किलोग्रॅमपासून ग्रॅमपर्यंत चार घरे दिसतात म्हणून चार उड्या मारल्या जातात, प्रत्यक्षात त्या तीन असतात. घरात अंक भरून योग्य घरानंतर चिन्ह दिले तर मोजण्याचा प्रश्नच येत नाही.

उलट दिशेचे उदाहरणही याच घरांत सुटते. ०.६ किग्रॅ लिहायचे तर किलोग्रॅमच्या घरात ० आणि हेक्टोग्रॅमच्या घरात ६ येतात. पुढची दोन घरे रिकामी आहेत, पण ग्रॅममध्ये उत्तर हवे असल्यामुळे ती रिकामी ठेवता येत नाहीत, त्यांत शून्ये येतात आणि ६०० ग्रॅम मिळतात. धारकतेत नावे लीटर, डेसिलिटर, सेंटिलिटर, मिलिलिटर अशी बदलतात, पण घरे चारच राहतात, म्हणून ५ ली ८ मिलीमध्ये ५, ०, ०, ८ भरून ५.००८ लीटर येते. लांबीत मात्र मीटर आणि सेंटिमीटर यांच्या मध्ये डेसिमीटर हे एकच घर आहे, आणि सेंटिमीटर-मिलिमीटर तर शेजारी-शेजारीच आहेत. म्हणून ७ सेमी ४ मिमी म्हणजे ७.४ सेमी. हे पट्टीवरही दाखवावे: सातच्या पुढची चौथी बारीक रेघ ही सेंटिमीटरच्या दहा भागांपैकी चौथी असते, शंभरांपैकी नव्हे.

उत्तर बरोबर आहे की नाही हे मुलीला स्वतःला ओळखता यावे यासाठी आपल्या भाषेतच एक चांगले साधन आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, पावणेतीन हे शब्द तिच्या कानावर रोज पडतात, त्यांना दशांश रूपाशी जोडून द्यावे: पाव म्हणजे ०.२५, पाऊण म्हणजे ०.७५, अडीच म्हणजे २.५, पावणेतीन म्हणजे २.७५. मग २.७५ किग्रॅ हे उत्तर तिने मोठ्याने "पावणेतीन किलो" असे वाचले की तिलाच अडखळायला होईल, कारण दोन किलोवर मूठभर मिरच्यांएवढे वजन वाढले म्हणून पावणेतीन किलो होत नाहीत. ०.६ किग्रॅ अर्ध्या किलोहून जास्त आहे, म्हणजे ५०० ग्रॅमहून जास्त, तेव्हा ६० ग्रॅम हे उत्तर आकडेमोडीशिवायच बाद होते. ५.०८ लीटरसाठी औषधाच्या बाटलीचे ५ मिलीचे मापाचे झाकण हाती द्यावे. ८ मिली म्हणजे दीड झाकणाहून थोडे जास्त, आणि ५.०८ लीटरमधले पाच लीटरवरचे ८० मिली म्हणजे सोळा झाकणे.

शक्य झाल्यास तिला एकदा जांभळी नाक्याच्या बाजारात घेऊन जावे आणि भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्याकडे पाहायला सांगावे. तोंडाने "पाव किलो" म्हटले जाते आणि काट्यावर 0.250 उमटते, कारण हे काटे किलोग्रॅमचे आकडे चिन्हानंतर तीन घरांपर्यंत दाखवतात. ७५ ग्रॅम आले मागितले की तेथे 0.075 दिसेल, आणि हरवलेले शून्य तिला डोळ्यांनी पाहायला मिळेल. असे अनेक काटे पाच ग्रॅमच्या टप्प्याने मोजतात, म्हणून ८ ग्रॅम किंवा ४२ ग्रॅम अशी उदाहरणे तेथे करून पाहू नयेत.

सरावासाठी वीस-वीस उदाहरणांची पाने या टप्प्यावर देऊ नयेत, विशेषतः एका पानावर सगळी लांबीची आणि दुसऱ्यावर सगळी वजनाची अशी पाने. त्यांत पहिले उदाहरण पाहून उरलेली एकक न वाचता सोडवता येतात, आणि नेमके एकक वाचणेच येथे शिकायचे आहे. त्याऐवजी तेच अंक आणि वेगळी एकके असलेली त्रिकुटे द्यावीत. ४ सेमी ५ मिमी, ४ मी ५ सेमी आणि ४ किग्रॅ ५ ग्रॅ ही एकाखाली एक लिहून दिली तर उत्तरे ४.५, ४.०५ आणि ४.००५ अशी येतात. रोज अशी दोन त्रिकुटे, घरे आखून, पुरेशी होतात. तिने तिन्हींना ४.०५ लिहिले तर पैशांची सवय अजून सुटलेली नाही असे समजावे, रागावू नये, आणि "मध्ये किती घरे रिकामी आहेत?" एवढेच विचारावे. तिन्ही वेगळी येऊ लागली की आखणी हळूहळू बंद करावी.

विकतच्या वर्कशीटची उत्तरसूची डोळे झाकून वापरू नये. एका पुस्तिकेत ४ ली ८० मिलीचे उत्तर ४.८ ली असे छापलेले मला आढळले होते आणि माझ्या वर्गातील बरोबर लिहिणाऱ्या मुलांनी ते पाहून आपली उत्तरे खोडली होती. घरांत भरून पाहिले तर ४, ०, ८, ० येतात, म्हणजे ४.०८० लीटर. शेवटचे शून्य काढून ४.०८ लिहिले तरी किंमत बदलत नाही, आपल्या मुलीचे ४.३५० हे उत्तरही त्याच कारणाने ४.३५ इतकेच बरोबर आहे. तरी सवय पक्की होईपर्यंत वजन आणि धारकतेत तीनही घरे तिने लिहावीत, म्हणजे चिन्हालगतचे आवश्यक शून्य आणि शेवटचे ऐच्छिक शून्य यांची तिच्या मनात गल्लत होणार नाही.

हे कोष्टक लांबी, वस्तुमान आणि धारकता यांच्यापुरतेच आहे, हेही तिला आताच सांगून ठेवावे. २ तास ३० मिनिटे म्हणजे २.३० तास नव्हेत, ते अडीच तास, म्हणजे २.५ तास, कारण तास आणि मिनिटे यांचा संबंध साठचा असून त्यांच्या मध्ये दहा-दहाची घरे नाहीत.