पंधराचे पट एकदाच वजा कर

हजारच्या आतल्या, 3 किंवा 5 ने भाग जाणाऱ्या सगळ्या संख्यांची बेरीज करताना तुझं उत्तर 266333 आलंय, म्हणजे 15, 30, 45 असे आकडे दोनदा धरले गेलेत. ते तीनच्या यादीतही येतात आणि पाचच्याही. एक-एक शोधून खोडत बसू नकोस. दोन्ही बेरजा तशाच राहू दे आणि पंधराच्या पटांची बेरीज एकदाच वजा कर. दोनदा केलीस तर ते आकडे पार गायबच होतील.

999 ला 3 ने भागलं की 333 पट मिळतात. त्यांची बेरीज 3 × (333 × 334 ÷ 2) = 166833. तसंच पाचचे 199 पट, बेरीज 99500. पंधराचे 66, बेरीज 33165.

166833 + 99500 − 33165 = 233168

सुरुवातीला दोन ठिकाणी हमखास गडबड होते:

- 'हजारच्या आत' म्हणजे 999 पर्यंत. उत्तर 234168 आलं, तर 1000 आत घुसलाय.
- पडताळा 10 च्या आतल्या आकड्यांवर घेऊ नकोस. तिथे 15 येतच नाही, त्यामुळे चुकीची रीतही 23 हे बरोबर उत्तर देते. 20 च्या आत करून बघ: 78 यायला हवेत, 93 आले तर 15 दोनदा मोजलाय.

दोनाऐवजी तीन संख्यांच्या पटांचं प्रकरण एवढ्यात नको.