घरच्या ग्रुपवर इमोजी आणि स्टिकर किती वापरावेत?

"आमच्या घरच्या ग्रुपवर सासू-सासरे, दीर-नणंदा आणि शाळा-कॉलेजातली मुलं सगळेच आहेत. मी साधं 'बरं' लिहिलं तर मुलं विचारतात, रागावलीस का? आणि चार इमोजी टाकले तर सासरे म्हणतात, हे काय चाललंय? नक्की किती वापरावेत?"

आधी आकडाच सांगते. मोठ्यांना लिहिताना एका मेसेजला एक इमोजी, तोही वाक्य संपल्यावर. बरोबरीच्यांना दोन-तीन चालतात. मुलांचं त्यांच्या वयावर ठरतं, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. स्टिकर मात्र ग्रुपवर एका प्रसंगाला एका माणसाकडून एकच. आणि सगळे एकाच ग्रुपवर असतील तर तिथे मोठ्यांचा आकडा सगळ्यांनी पाळावा. मौजमजेला भावंडांचा वेगळा ग्रुप असतोच.

हे मी मानापमानाच्या विचाराने म्हणत नाही, कारण साधं आहे. स्टिकर हा स्वतंत्र मेसेज असतो. तो आला की फोन वाजतो, पडद्यावर चांगला मोठा चौकोन अडतो आणि वरचा मजकूर आणखी वर सरकतो. वयस्कर माणसांनी अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात, त्यामुळे त्यांच्या पडद्यावर एका वेळी चार-पाच मेसेजच मावतात. तीन स्टिकर आले की आधी लिहिलेलं सगळं नजरेआड. तुमच्या फोनवर तोच ग्रुप अगदी आटोपशीर दिसत असतो. म्हणून एकदा त्यांचा फोन हातात घेऊन बघा, सासऱ्यांचा प्रश्न लगेच कळेल.

मेसेजला जोडलेल्या इमोजीचं तसं होत नाही, तो अक्षराएवढा होऊन ओळीतच बसतो. मेसेजवर बोट दाबून धरून दिलेली रिअ‍ॅक्शन तर जागाच घेत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तिची सूचना फक्त मूळ मेसेज लिहिणाऱ्याला जाते, बाकीच्यांचे फोन शांत राहतात. म्हणजे किती इमोजी, याआधी ते कुठे टाकायचे हे ठरवायला हवं.

आमच्या ग्रुपवरचंच एक उदाहरण देते. आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी काकूने लिहिलं: "बाबांचं ऑपरेशन उद्या सकाळी ९ वाजता. ८ ला निघायचं आहे. त्यांच्या गोळ्यांची यादी कोणाकडे आहे? आत्ताच पाठवा." त्याखाली 'लवकर बरे व्हा'ची चार स्टिकर आली, दोघांनी हात जोडलेल्या इमोजींच्या रांगा टाकल्या, कोणी फुलं, कोणी हृदयं. कॉलेजातल्या भाच्याने 👍 रिअ‍ॅक्शन दिली. सगळ्यांचं मन चांगलं होतं, पण यादी ज्या आत्याकडे होती तिने रात्री ग्रुप उघडला तेव्हा तिला फक्त शुभेच्छा दिसल्या. तिनेही एक नमस्कार टाकला आणि झोपली. काकू वाट बघत राहिली, शेवटी तिने एकेकाला फोन केले.

तेच संभाषण कसं व्हायला हवं होतं? आत्या: "यादी माझ्याकडे आहे, फोटो पाठवते." इथे इमोजीची गरजच नाही. धाकटा काका: "मी पावणेआठला गाडी घेऊन येतो 👍" हा एक पुरे. बाकीच्या भावंडांनी काकूच्या मेसेजवर ❤️ किंवा 🙏 रिअ‍ॅक्शन द्यायची, वाचल्याचं कळतं आणि ग्रुप मोकळा राहतो. भाच्याला काही विचारलेलं नव्हतं, त्याची 👍 रिअ‍ॅक्शन अगदी बरोबर होती. छोट्या नातीने एक स्टिकर पाठवायचं, पण ते आजोबांच्या स्वतःच्या चॅटवर, म्हणजे त्यांना ते सापडेल आणि पुन्हा बघता येईल. शुभेच्छा काही कमी झाल्या नसत्या. ज्या मेसेजात प्रश्न, वेळ किंवा पैशांचा आकडा आहे त्याखाली उत्तर येईपर्यंत स्टिकर टाकायचं नाही, हा नियम आमच्याकडे त्यानंतर आपोआप रुळला.

रिअ‍ॅक्शनची एक मर्यादा लक्षात ठेवा. मोठ्यांनी काही विचारलं असेल तर ती उत्तर म्हणून चालत नाही. "उद्या येताय ना?" या सासूबाईंच्या मेसेजवर तुम्ही 👍 दिलात तर मेसेजच्या कोपऱ्यातलं ते चिन्ह त्यांच्या नजरेला पडेलच असं नाही. त्यांच्या लेखी सुनेने उत्तर दिलेलं नाही. "हो आई, संध्याकाळी येतो" एवढं लिहा, मग हवा तर एक इमोजी.

एकच का, याला आणखी एक कारण आहे. डोळ्यांच्या त्रासामुळे काहीजण फोनकडून मेसेज वाचून घेतात. तेव्हा फोन इमोजीचं नाव मोठ्याने म्हणतो. वाक्याच्या मध्ये दोन-तीन घातलेत तर वाक्य तुटतं, शेवटी सात घातलेत तर बऱ्याच फोनवर ती नावं एकामागून एक ऐकत बसावं लागतं. आणि भावना ठळक दिसायला हवी असेल तर रांग लावण्याऐवजी एकच इमोजी वेगळा पाठवा. एकटा इमोजी व्हॉट्सअ‍ॅपवर मोठा दिसतो, शब्दांबरोबर आला की तो बारीक होतो. ज्यांना बारीक दिसत नाही त्यांच्यासाठी एक मोठा इमोजी दहा बारक्यांपेक्षा कामाचा.

हा बारीकपणाच एका नेहमीच्या घोटाळ्याचं मूळ आहे. 😂 अक्षराएवढा झाला की दोन्ही बाजूंचे निळे अश्रू उठून दिसतात, हसणारं तोंड दिसत नाही. मग कोणाच्या निधनाच्या बातमीखाली एखाद्या मावशी मनापासून शोक करत तोच टाकतात. त्यांना ग्रुपवर दुरुस्त करू नका, फोन करून सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पाठवल्यानंतर काही काळ तो सगळ्यांकडून काढून टाकता येतो. शिवाय प्रत्येक कंपनी एकाच इमोजीचं चित्र आपापल्या पद्धतीने काढते. युनिकोड या सगळ्या फोनांसाठीच्या अक्षरांच्या आणि चिन्हांच्या सामाईक यादीत त्याचा क्रमांक आणि नाव ठरलेलं असतं, चेहरा कसा रंगवायचा ते नाही. २०१६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं होतं की 😁 हा चेहरा काही फोनवर लोकांना आनंदी वाटतो आणि एका कंपनीच्या फोनवर दातओठ खाल्ल्यासारखा. आता ही चित्रं बरीच एकमेकांजवळ आली आहेत, पण घरात जुने फोन असतातच. म्हणून मोठ्यांना लिहिताना अर्थ शब्दांत ठेवायचा. "हसून हसून पुरेवाट झाली 😂" यात इमोजी चुकीचा वाचला गेला तरी काही बिघडत नाही.

दुःखाच्या बातमीत माझ्या मते आकडा शून्य. हात जोडलेला एक चालवून घेतात, पण नुसता तोच टाकणं मला पटत नाही. दोन ओळी लिहाव्यात, जमलं तर फोन करावा. तयार श्रद्धांजलीचं स्टिकर तर नकोच. वाचणाऱ्याला आधार हवा असतो आणि त्याला मिळतं ते दुसऱ्या कोणी बनवलेलं चित्र.

बरोबरीच्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. समोरचा जितके टाकतो साधारण तितकेच टाकावेत, त्याच्या दुप्पट नकोत. वाद चालू असेल तेव्हा मात्र हसरे चेहरे थांबवा. पैशांवरून किंवा आईवडिलांकडे कोण राहणार यावरून बोलणं ताणलेलं असताना नणंदेला 🙂 टाकलात तर तो टोमणाच वाटतो, तुमचा हेतू काहीही असो.

आता मुलं, म्हणजे तुमचा खरा प्रश्न. "रागावलीस का?" असं ती विचारतात कारण ती तुमच्या आजच्या मेसेजची तुमच्याच नेहमीच्या मेसेजशी तुलना करतात. एरवी प्रत्येक वाक्याला तीन हृदयं टाकणारी आई नुसतं "बरं" लिहिते तेव्हा हृदयं काढून घेतल्यासारखं वाटतं. म्हणून आपली रोजची पातळी कमी आणि सारखी ठेवा. रोज एक किंवा शून्य असेल तर शून्याचा अर्थ राग होत नाही, आणि निकालाच्या दिवशी टाकलेली तीन हृदयं मुलगी खरंच वाचते. पहिले काही दिवस विचारतील. "घाईत आहे, रागावले नाही" असं लिहून टाका, पुरतं.

कॉलेजातल्या मुलांचे अर्थही वेगळे असतात. त्यांच्यातले बरेचजण 😭 हसण्यासाठी वापरतात, 💀 म्हणजे हसून मेलो, नुसता 👍 त्यांना कोरडा वाटतो आणि 🙂 उपरोधिक. त्यांचे चेहरे समजून घ्या, पण स्वतः वापरू नका. त्यांना ते अवघडल्यासारखं होतं, आणि तेच 💀 तुम्ही ग्रुपवर टाकलंत तर सासूबाईंच्या काळजात धस्स होईल. मुलांनाही सांगा की आजी-आजोबा असलेल्या ग्रुपवर कवटी नको. कारण सांगितलं की ऐकतात.

ज्यांना अजून लिहिता येत नाही त्यांचं गणित उलटं. त्यांचं बोलणंच स्टिकरमधून चालतं, एकदा सुरू झाली की डझनभर येतात. त्यांना थांबवू नका, फक्त ग्रुपऐवजी आजीचं किंवा आजोबांचं स्वतंत्र चॅट उघडून द्या. मोठ्यांनी त्या डझनाला एक स्टिकर आणि आवाजातला छोटा निरोप पाठवावा. बारा स्टिकर परत पाठवले की खेळ रात्रीपर्यंत संपत नाही. पहिली-दुसरीतल्यांना "आधी एक वाक्य, मग एक स्टिकर" असं सांगून बघा. त्या निमित्ताने "आजी काय करतेस" हे टाइप करायला शिकतात.

आणि घरातल्यांच्या फोटोंची स्टिकर बनवत असाल तर ज्याचा चेहरा आहे त्याला आधी विचारा. ग्रुपवर गेलेलं स्टिकर कोणीही आपल्याकडे ठेवून पुढे कुठेही पाठवू शकतं, ते आपल्या हातात राहत नाही. तोंड वेडावलेला लहानपणीचा फोटो चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या मामाच्या फोनवरून फिरलेला आवडत नाही. सासऱ्यांना मात्र नातवाचं असं एखादं स्टिकर, नातवाने स्वतः निवडून दिलेलं, नक्की चालेल. ते वापरायचं कसं हे त्यालाच आजोबांना शिकवू द्या.