विअरवर Cd जास्त का येतो?

जळगावला सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आयताकृती विअरवर लहान हेडला Cd ०.७३ येतो, मोठ्या हेडला ०.६६. सर ०.६२ च्या आसपास यायला हवा म्हणतात. चूक कुठे?

बहुतेक शून्य वाचनात. पंप बंद केला, पाणी धारेवरून पडायचं थांबलं, की आपण पॉइंट गेज टेकवून तेच शून्य धरतो. पण पृष्ठताणामुळे ते पाणी धारेच्या २-३ मिमी वर फुगून थांबलेलं असतं. मग प्रत्येक हेड तेवढं कमी वाचलं जातं.

सूत्रात H चा घात १.५ आहे:

`Q = (2/3) Cd b √(2g) H^1.5`

खरं हेड ३० मिमी, वाचलं २७. (३०/२७)^१.५ म्हणजे १.१७, ०.६२ चा झाला ०.७३. हेड ८० असताना तेच ३ मिमी जेमतेम ६ टक्के फरक पाडतात. तुमचे आकडे नेमके असेच घसरतायत.

गेजची गाडी रुळावरून पुढे आणून टोक थेट धारेला टेकवा, ते शून्य. (रूळ लेव्हलमध्ये आहेत ना, तेवढं पाहा. आमच्या धुळ्याच्या लॅबमध्ये नव्हते!) वाचन मात्र विअरच्या मागे हेडच्या चौपट अंतरावरच घ्या.

तरीही लहान हेडलाच Cd चढला, तर पडणारं पाणी पाटीला चिकटतंय का बघा.