निर्णय वरचा, रोष माझ्यावर

"मी एका टीमचा मॅनेजर आहे. वरून आलेले नकोसे निर्णय सांगायचं काम माझं, आणि बोलणीही मीच खायची. टीमला मी साहेबांचा माणूस वाटतो. साहेब म्हणतात, मी टीमला डोक्यावर चढवलंय. मी नेमकं काय करू?"

माझ्याकडे आलेले एक विभागप्रमुख अशाच कोंडीत होते. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ओव्हरटाइम बंद आणि शनिवारची पाळी सगळ्यांना, हे त्यांना टीमला सांगायचं होतं. मागच्या वेळी असा निर्णय सांगताना ते काय बोलले होते, ते मी त्यांना शब्दशः लिहायला लावलं. टीमला ते म्हणाले होते, "वरून आलंय, मलाही पटलेलं नाही." साहेबांना म्हणाले होते, "सांगितलं सर, काही अडचण नाही."

दोन्ही वाक्यांनी त्यांची तेवढ्यापुरती सुटका झाली होती. पण टीमला कारण कळलं नाही आणि साहेबांपर्यंत त्रास पोचला नाही. त्यामुळे पुढचा हुकूम आणखी तडकाफडकी आला.

जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा 1990 सालचा एक अभ्यास मी अशा वेळी आवर्जून सांगते. दोन कारखान्यांत 10 आठवड्यांसाठी 15 टक्के पगारकपात झाली. एकीकडे वरिष्ठांनी कामगारांसमोर बसून कारण नीट समजावलं, खेद व्यक्त केला, प्रश्नांना उत्तरं दिली. दुसरीकडे थोडक्यात घोषणा करून मोकळे झाले. कपात तेवढीच, तरी दुसऱ्या कारखान्यात चोऱ्या कितीतरी जास्त झाल्या.

म्हणून या गृहस्थांनी टीमसमोर जाण्याआधी साहेबांना तीन गोष्टी विचारल्या: हे का करतोय, यात काय बदलू शकतं आणि याचा फेरविचार कधी होईल? पाळ्या कशा लावायच्या हे टीमने ठरवलं तर चालेल, असं तिथे कळलं. मीटिंगमध्ये त्यांनी आधी निर्णय सांगितला, मग कारण, आणि मग पाळ्यांचा विषय चर्चेला घेतला. ओव्हरटाइमवर मात्र मतं मागितली नाहीत. जे ठरून गेलंय त्यावर मत मागणं लोकांना फसवणूक वाटते, आणि मला लोकांचं म्हणणं पटतं.

वर जाताना भाषा बदलावी लागते. "लोक नाराज आहेत" याने साहेब हलत नाहीत. या विभागप्रमुखांनी त्यांना लिहून दिलं, "शनिवारी दोन अनुभवी माणसं नसतील, तर तपासणीचं काम सोमवारवर जाईल." त्या कामापुरती सवलत मिळाली. ओव्हरटाइम काही परत सुरू झाला नाही, आणि टीममधले दोघं अजून त्यांच्याशी कामापुरतंच बोलतात.

तुम्हाला खोटं कारण सांगायला किंवा नियमबाह्य काही करायला सांगितलं, तर मात्र ही पद्धत वापरू नका. तो आदेश लेखी मागा, आणि तो मिळेपर्यंत टीमसमोर जाऊ नका.