घरच्या संगणकातील फायलींची नावे : वाचकांचे प्रश्न

एका घरात एकच संगणक, तो वापरणारे चार-पाच जण आणि ऐन वेळी न सापडणारा कागद, या तक्रारीची पत्रे माझ्याकडे सतत येत असतात. शब्द निरनिराळे असले तरी गोंधळ एकच असतो, म्हणून त्यांतील काही प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : घरातल्या मोठ्यांना नियम सांगायचे म्हणजे हुकूम सोडल्यासारखे वाटते. पत्र लिहून ठेवावे असा विचार आहे. त्यात काय लिहू?

पत्राचा मार्ग उत्तम आहे, कारण तोंडी सांगितलेला नियम प्रत्येकाच्या लक्षात वेगळा राहतो. मात्र पत्र एका पानाच्या आत संपले पाहिजे आणि त्याचा सूर प्रस्तावाचा असला पाहिजे. खालचा मसुदा आपल्या घराप्रमाणे बदलून घ्यावा.

*ती. आजी आणि ती. आई-बाबा यांना साष्टांग नमस्कार. ताईस नमस्कार.*

*आपल्या संगणकावरील कागद सर्वांना सापडावेत म्हणून पुढील व्यवस्था सुचवीत आहे. सर्वांचे सामाईक कागद ‘घर’ या एकाच फोल्डरमध्ये राहतील. त्यात 01_ओळखपत्रे, 02_बँक-आणि-कर, 03_आरोग्य, 04_शिक्षण आणि 05_वस्तू-आणि-पावत्या असे पाच फोल्डर असतील. कोठे ठेवावे हे न सुचलेली फाईल 00_आवक यात टाकावी. दर रविवारी मी ती योग्य जागी लावीन.*

*फाईलच्या नावात आधी कागदावरची तारीख, मग कागद कोणाचा आहे ते आणि शेवटी कागद कशाचा आहे ते लिहावे. उदाहरणार्थ, 2025-06-14_आजी_रक्ततपासणी.pdf. नाती माझ्या तोंडची धरावीत, म्हणजे ‘आजी’ म्हटले की सर्वांना एकच व्यक्ती कळेल. ‘नवीन’, ‘फायनल’ हे शब्द नावात नसावेत. दुसऱ्याची फाईल कोणी पुसू नये. नको वाटल्यास ती 99_जुने या फोल्डरमध्ये हलवावी.*

*आठ दिवसांत आपले मत सांगावे. तोपर्यंत जुन्या फायलींची नावे आहेत तशीच राहू द्यावीत.*

नात्यांविषयीचे वाक्य गाळू नका. बाबा ‘आई’ असे लिहितात तेव्हा त्यांना आजी अभिप्रेत असते आणि मुलगी तोच शब्द लिहिते तेव्हा तिची आई; मग औषधाच्या दोन चिठ्ठ्या एकाच नावाखाली जमतात आणि चूक लक्षात येते ती डॉक्टरांसमोर. म्हणून नाती घरातील सर्वांत धाकट्या व्यक्तीच्या तोंडची धरावीत किंवा सरळ नावे वापरावीत. यांपैकी काय करायचे, हे मात्र घरात विचारूनच ठरवा.

प्रश्न : आम्ही तारीख दिवस-महिना-वर्ष अशी लिहितो. ती उलटी कशासाठी लिहायची?

संगणक नावे डावीकडून उजवीकडे वाचून रांगेत लावतो, म्हणून. 05-11-2023, 06-02-2025 आणि 07-01-2024 ही तीन नावे तो याच क्रमाने दाखवील, म्हणजे २०२५ चा कागद २०२४ च्या आधी येईल. वर्ष आधी, मग दोन अंकी महिना आणि मग दोन अंकी दिवस लिहिला, की नावांची रांग आणि काळाची रांग एकच होते. हीच पद्धत ISO 8601 या आंतरराष्ट्रीय मानकाने १९८८ मध्ये घालून दिली. 05-03 म्हणजे पाच मार्च की तीन मे, हा वादही तिच्यामुळे उरत नाही.

तारीख कागदावरची घ्यावी, स्कॅन केल्याची नव्हे. दिवस ठाऊक नसेल तर 2025-06 एवढेच लिहावे. अंदाजाने दिवस घालू नये, कारण अंदाज पुढे पुरावा समजला जातो.

प्रश्न : नावात तिरकी रेघ किंवा अपूर्णविराम का चालत नाही?

विंडोज ती चिन्हे मार्ग आणि ड्राइव्ह दाखवण्यासाठी स्वतः वापरते. पुढील नऊ चिन्हे तेथे नावात घालता येत नाहीत :

```
\ / : * ? " < > |
```

प्रश्न : फोल्डरच्या आत फोल्डर किती खोल असावेत?

तीन पातळ्या पुरेत.

प्रश्न : मी काम संपले की नावात ‘फायनल’ लिहितो. त्यात काय बिघडते?

सर्वाधिक नुकसान मी याच एका शब्दाने झालेले पाहिले आहे, तेव्हा थोडे विस्ताराने सांगतो. ‘फायनल’, ‘नवीन’, ‘आत्ताचे’ हे शब्द लिहिणाऱ्याच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीचे वर्णन करतात, फाईलचे नव्हे. दुसऱ्या दिवशी एक दुरुस्ती निघते आणि शब्द खोटा ठरतो, पण नाव तसेच राहते. एका घरातील भाडेकराराचा फोल्डर असा होता :

```
करार.docx
करार नवीन.docx
करार फायनल.docx
करार फायनल 2.docx
करार फायनल - Copy.docx
```

यांतील कोणत्या मसुद्यावर सह्या झाल्या, हे घरातील कोणालाही सांगता येईना. वडिलांनी बदल केल्याची तारीख पाहिली, तर ‘करार नवीन’ सर्वांत अलीकडचा दिसला. कारण इतकेच, की कोणीतरी तो वाचायला उघडला आणि बंद करताना ‘सेव्ह’ दाबले. मुलाने तयार केल्याची तारीख पाहिली, तर शेवटची प्रत नवी निघाली, कारण विंडोजमध्ये फाईलची नक्कल केली की नकलेला त्या क्षणाची ‘तयार केल्याची’ तारीख मिळते, मजकूर कितीही जुना असला तरी. दोघेही आपापल्या परीने बरोबर वाचत होते आणि दोघांनाही उत्तर मिळाले नाही.

अशा वेळी करायचे काम पुढीलप्रमाणे आहे. आधी संपूर्ण फोल्डरची एक प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवावी. मग सही केलेला मूळ कागद समोर घ्यावा आणि प्रत्येक मसुद्यातील रक्कम, मुदत आणि नोटिशीचा कालावधी ही तीन कलमे त्याच्याशी ताडून पाहावीत. दोन मसुदे सारखेच वाटत असतील तर वर्डमधील ‘रिव्ह्यू’ या टॅबखालील ‘कम्पेअर’ वापरावे. शब्दाशब्दाचा फरक ते दाखवते. या घरी ‘करार फायनल 2’ हा मसुदा कागदाशी जुळला आणि ‘- Copy’ असलेल्या प्रतीत नोटिशीचा कालावधी वेगळा निघाला. त्यानंतर नावे अशी दिली :

```
2025-03-02_बाबा_भाडेकरार_मसुदा-01.docx
2025-03-10_बाबा_भाडेकरार_मसुदा-02.docx
2025-03-18_बाबा_भाडेकरार_सहीसह.pdf
```

मसुद्याला दोन अंकी क्रमांक द्यावा, कारण विंडोजची खिडकी 2 नंतर 10 दाखवण्याइतकी शहाणी असली तरी सर्व उपकरणे आणि प्रोग्राम तसे नसतात. तेथे 10 हा 2 च्या आधी येतो. ‘सहीसह’ हा शब्द चालतो, कारण तो घडलेली गोष्ट सांगतो आणि उद्या बदलत नाही. सही केलेली प्रत स्कॅन करून पीडीएफ स्वरूपातच ठेवावी आणि उरलेले मसुदे ‘जुने-मसुदे’ या उपफोल्डरमध्ये हलवावेत. ते पुसायचे असतील तर आधी कराराची बाजू पाहणाऱ्या वकिलांना विचारावे. आणि हे सर्व सहीच्या आठवड्यातच करावे. दोन वर्षांनी वाद निघाल्यावर मला पत्र लिहून उपयोग नसतो.

प्रश्न : संगणकाला मराठी नावे पचत नाहीत असे ऐकले. सर्व नावे इंग्रजीत लिहावीत का?

हे ‘ऐकले’ आता सोडून द्यावे. आजची विंडोज, मॅक आणि फोन युनिकोडमधील देवनागरी नावे नीट सांभाळतात आणि आजींना वाचता येईल असेच नाव घरात हवे. दोन पथ्ये मात्र पाळावीत. नावातील अंक 0 ते 9 याच रूपात टंकावेत, कारण २०२४ आणि 2024 ही संगणकाच्या लेखी वेगळी चिन्हे आहेत. एक शोधल्यास दुसरे सापडेलच असे नाही.

दुसरे पथ्य ऱ्या या जोडाक्षराचे. ‘दुसऱ्या-सत्राची-गुणपत्रिका’ हे नाव एका कळफलकावर ऱ या स्वतंत्र अक्षराने टंकले जाते, तर दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते, संगणकाला नाही. एकाच फोल्डरमध्ये हुबेहूब सारख्या नावाच्या दोन फायली दिसल्या, तर बहुधा हेच घडले आहे असे समजावे, कारण खरोखर सारखे नाव संगणकाने स्वीकारलेच नसते. नावात असे शब्द टाळावेत. ‘सत्र-02_गुणपत्रिका’ लिहिले की प्रश्नच मिटतो. बाहेर कोठे फाईल चढवायची असेल तर तेथील नियम आधी विचारून घ्यावा आणि रोमन नावाची वेगळी प्रत पाठवावी.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोच्या नावात तारीख असतेच. ती पुरेशी आहे ना?

नाही. IMG-20250614-WA0007.jpg यातील तारीख फोटो पाठवल्या-आल्याची आहे, काढल्याची नव्हे. मूळ फोटोच्या आत कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीखही अशा प्रतीतून सहसा निघून गेलेली असते. महत्त्वाच्या प्रसंगाचे फोटो ज्याने काढले त्याच्याकडूनच मूळ फाईल मागून घ्यावी.

प्रश्न : एका जाहिरातीतील मोफत प्रोग्रामने आमच्या संगणकात हजारो दुबार फायली दाखवल्या. पैसे भरून त्या पुसू का?

पुसू नका आणि पैसेही भरू नका. मोठा लाल आकडा मोफत दाखवायचा आणि पुसण्याच्या बटणाशी पैसे मागायचे, ही ठरलेली युक्ती आहे. त्या आकड्यात इतर प्रोग्रामना लागणाऱ्या फायलीही धरलेल्या असू शकतात. त्या पुसल्या तर तो प्रोग्राम उघडायचा बंद होतो. दुबार काय आहे, हे केवळ नावावरून ठरत नाही : दोन कॅमेऱ्यांतील DSC_0001.jpg हे दोन निराळे फोटो असतात. जागा खरोखर कमी पडत असेल तर घरातील प्रत्येकाने आपल्या फायली स्वतः पाहाव्यात आणि शंका आल्यास संगणक दुरुस्त करणाऱ्या विश्वासू माणसाला बसवून दाखवावे.

प्रश्न : संगणक विकत घेताना ठेवलेले C:\Users मधील माझ्या नावाचे फोल्डर आता बदलू का?

नाही. सामाईक ‘घर’ फोल्डर C:\Users\Public येथे ठेवावा. तेथील फायली त्या संगणकावरील प्रत्येक खात्यातून उघडता येतात, म्हणून ज्या सर्वांनी पाहू नयेत त्या तेथे ठेवू नयेत.

प्रश्न : जुन्या शेकडो फायलींची नावे एका दमात बदलता येतील का?

येतात, पण तसे करू नये. विंडोजमध्ये अनेक फायली निवडून F2 दाबले आणि एक नाव दिले, की सर्वांना तेच नाव कंसातील क्रमांकासह मिळते आणि कोणता कागद कोणाचा, ही उरलीसुरली खूणही जाते. असे झाल्याचे लगेच लक्षात आले तर Ctrl+Z दाबावे. खिडकी बंद करून दुसरे काम सुरू केल्यावर त्याचा भरवसा नाही. एका एक्सेल फाईलने दुसरीतून आकडे घेतले असतील, तर दुसरीचे नाव बदलताच तो दुवा तुटतो आणि पहिली उघडताना दुवे अद्ययावत करता येत नाहीत असा संदेश येतो. हिशेबाच्या किंवा फोटोंच्या प्रोग्रामने स्वतः तयार केलेल्या फोल्डरला तर हातच लावू नये. आधी तो प्रोग्राम बसवून देणाऱ्याला विचारावे. नवे नियम ठरल्या दिवसापासूनच्या फायलींना लावावेत आणि जुनी फाईल ज्या दिवशी उघडावी लागेल त्या दिवशी तिचे नाव बदलावे.