रेसिपीच्या व्हिडिओत गिटार आईच्या बोलण्यात लुडबुडू नये म्हणून काय करावं?

प्रश्न : आईच्या रेसिपींचे व्हिडिओ करतो. मागे प्रसन्न, हलकंफुलकं गिटार हवंय, पण आवाज कमी केला तरी ते तिच्या बोलण्यात लुडबुडतं. कसं निवडायचं आणि किती ठेवायचं?

उत्तर : आवाज कमी करण्याआधी ट्रॅक बदलून बघा. बोलण्यातली व्यंजनं आपल्याला मुख्यतः १००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात स्पष्ट कळतात. स्टीलच्या तारांवर प्लेक्ट्रमने छेडलेलं गिटार, युकुलेले, शीळ, टाळ्या यांचा खणखणाटही तिथेच असतो, आणि ‘हॅपी’ म्हणून मिळणारे बहुतेक ट्रॅक यांनीच खच्चून भरलेले असतात. त्याऐवजी बोटांनी वाजवलेलं नायलॉन तारांचं गिटार शोधा. उत्साह लयीतून येतो. मिनिटाला १००-११० ठोके पुरेत. वर ठळक धून नको, कारण कान तिच्यामागे जातो. एकदा ऐकून गुणगुणता आली, तर तो ट्रॅक मी सोडून देतो, कितीही गोड असला तरी.

समजा, व्हिडिओ कांदेपोह्यांचा आहे. Audacity हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यात करता येईल. संगीताच्या ट्रॅकवर Filter Curve EQ लावून १००० ते ४००० हर्ट्झमध्ये चारेक डेसिबलचा उथळ खळगा करा. मग संगीत आईच्या आवाजापेक्षा ८ डेसिबल खाली ठेवा. आईचा ट्रॅक संगीताच्या लगेच खाली असू द्या, फक्त संगीत निवडा आणि Auto Duck चालवा. Duck amount -१२ राहू द्या. म्हणजे ती बोलताना संगीत २० डेसिबल खाली जाईल आणि गप्प झाली की वर येईल.

खरी गोम Maximum pause मध्ये आहे. तिथे मुळात १ सेकंद असतो. पण पोहे भिजवताना आई “आता पाणी काढून टाकायचं…” म्हणून दोन सेकंद थांबते, तेवढ्यात संगीत उसळतं आणि पुन्हा बुडतं. हे फार खटकतं. ३ सेकंद ठेवा. उलट, ती गप्प असतानाही संगीत वर येतच नसेल, तर तिच्या माइकमध्ये पंखा किंवा चिमणीची घरघर शिरली आहे आणि सॉफ्टवेअर तिलाच बोलणं समजतंय. अशा वेळी Threshold, म्हणजे किती मोठ्या आवाजाला बोलणं मानायचं ती मर्यादा, -३० वरून -२५ करून पाहा.

मोहरी तडतडते तिथे संगीत पूर्ण बंद करा. फोडणीचा आवाज बराचसा त्याच पट्ट्यात असतो, आणि गिटारपेक्षा तो ऐकायलाच लोक थांबतात.

शेवटी हेडफोन काढून साध्या मोबाइलच्या स्पीकरवर, आवाज निम्म्यावर ठेवून ऐका. तिथे गिटारचा खर्ज जवळपास नाहीसा होतो आणि मधलाच भाग उरतो, म्हणजे नेमका बोलण्याला आड येणारा. “चवीपुरतं मीठ”मधला ‘च’ पुसट वाटला, तर संगीत आणखी दोन-तीन डेसिबल उतरवा.