अकरावी सायन्सच्या उंबरठ्यावरची बॅच

बीएस्सी फिजिक्स झालंय आणि ट्यूशन सुरू करायच्या असतील, तर पुण्यात दहावीच्या सरसकट ट्यूशन घेऊ नका. त्या गल्लोगल्ली आहेत. मराठी माध्यमातून दहावी देऊन अकरावी सायन्सला जाणारी मुलं घ्या. आतापर्यंत त्यांनी विज्ञान मराठीत शिकलेलं असतं आणि कॉलेजात पहिल्या दिवसापासून सगळं इंग्रजीत. मार्चमध्ये परीक्षा संपली की कॉलेज सुरू होईपर्यंतचा काळ तुमचा. सेमी-इंग्रजीची मुलं या बॅचमध्ये मिसळू नका, त्यांची अडचण वेगळी असते.

सहा मुलं पुरेत. पहिल्या दिवशी त्यांना हे इंग्रजीत द्या: वस्तू स्थिर अवस्थेतून निघते, त्वरण 2 m/s², 5 सेकंदांनंतरचा वेग किती? लगेच सोडवायला सांगू नका, आधी फक्त दिलेल्या राशी लिहायला सांगा. 'स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट' म्हणजे u = 0, इथेच बरीच मुलं अडतात. v = u + at हे सूत्र त्यांना पाठ असतं; u कळला की उत्तर 10 m/s लगेच येतं. राशी बरोबर आणि तरी उत्तर चुकलं, तर गोची भाषेची नाही, गणिताची. अशांना आधी त्रिकोणमिती आणि आलेख द्या, नाहीतर व्हेक्टरपाशी ती पुन्हा अडकतील.

समजावणं मराठीतच ठेवा, वाचन आणि लेखन इंग्रजीत. ऑनलाइन घेत असाल तर प्रत्येकाला उतारा मोठ्याने वाचायला लावा. कॅमेरा बंद करून बसलेल्या मुलाला काय कळलं नाही, हे दुसऱ्या कशानं समजत नाही. आणि पालकांना आधीच स्पष्ट सांगा, ही सीईटीची तयारी नव्हे.